शब्दचर्चा: 'फ्रेशे अंतर' मराठीत काय म्हणून लिहावं?

वाटाड्या_पुणे
आमच्या ट्रेकिंगच्या गटाने जीपीएसवर नोंदवलेल्या वाटांची तुलना करणारं एक छोटं साधन तयार केलंय. त्याची मराठी माहिती मी लिहितोय. दोन वाटा किती मिळत्याजुळत्या आहेत हे ते 'फ्रेशे डिस्टन्स'ने ठरवतं. समजावताना कुत्रा आणि मालकाचं उदाहरण देतात: मालक एका वाटेने, कुत्रा दुसरीने, मध्ये दोरी, आणि दोघांनीही मागे फिरायचं नाही. मी लिहिलंय, 'साखळी-अंतर: दोन वक्रांमधलं साम्य मोजणारं सर्वांत कमी अंतर.' हे वाक्य बरोबर आहे का? आणि शब्द कसा वाटतो?

मोतीची_आई
आमच्याकडे गळ्यात असतो तो पट्टा आणि हातात धरतो ती साखळी. दुकानदार मात्र दोन्हीला पट्टाच म्हणतात. दोन मीटरची साखळी पुरते, रस्त्यावर त्याहून लांब घेऊ नका.

वाटाड्या_पुणे
ताई, प्रश्न खऱ्या कुत्र्याचा नाही, गणितातल्या शब्दाचा आहे. पण पट्टा आणि साखळीतला फरक उपयोगी पडला.

गुंठेवारी
मी भूमापनात नोकरी केली. 'साखळी-अंतर' म्हटलं की आमच्या माणसाच्या डोळ्यापुढे शंकू साखळीच येणार. तेहतीस फुटांची साखळी, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा. साखळीने मोजलेलं अंतर हा अर्थ जमिनीच्या कामात इतका पक्का आहे की तो शब्द इथे वापरू नये. 'दोरी' म्हणा.

रेखावृत्त
शब्दापेक्षा तुमच्या वाक्यात जास्त अडचण आहे. 'दोन वक्रांमधलं सर्वांत कमी अंतर' वाचून कोणीही समजेल की दोन वाटा जिथे एकमेकींच्या सर्वांत जवळ येतात तिथलं अंतर. दोन वाटा एकमेकींना छेदत असतील तर ते शून्य येईल आणि त्यातून काहीच कळणार नाही. इथे 'कमी' आणि 'जास्त' दोन्ही आहेत. चालण्याच्या प्रत्येक पद्धतीत दोरी कुठेतरी जास्तीत जास्त ताणली जाते. त्या सगळ्या पद्धतींपैकी जिच्यात हा जास्तीत जास्त ताण सर्वांत कमी, तिथली दोरीची लांबी म्हणजे हे अंतर. मराठीत सांगायचं तर 'पुरेशी पडणारी सर्वांत आखूड दोरी'.

दुसरं, 'साम्य मोजणारं' म्हणू नका. आकडा वाढला की साम्य कमी होतं. हे माप वेगळेपणाचं आहे.

सह्यकडा
म्हणजे आपलं डीटीडब्ल्यूच की, डायनॅमिक टाइम वॉर्पिंग, दोन क्रमांची जुळणी करणारी रीत. तक्ता भरायचा, डावीकडून, वरून किंवा तिरकं यायचं, शेवटच्या घरात उत्तर. आवाजाच्या नमुन्यांसाठी आम्ही हेच करतो. नाव वेगळं, इतकंच.

रेखावृत्त
तक्ता तोच, हे खरं. घरात काय भरायचं ते वेगळं. डीटीडब्ल्यूमध्ये प्रत्येक जोडीचं अंतर बेरजेत जातं. इथे बेरीज नाही, आतापर्यंतचं सर्वांत मोठं अंतर पुढे न्यायचं:

```
c[i][j] = max( d(p[i], q[j]),
               min(c[i-1][j], c[i][j-1], c[i-1][j-1]) )
```

`p` मालकाचे बिंदू, `q` कुत्र्याचे, `d` त्यांच्यातलं अंतर. `min` म्हणजे या घरात येण्याच्या तीन वाटांपैकी सर्वांत स्वस्त. एकट्या मालकाने पाऊल टाकलं, एकट्या कुत्र्याने टाकलं, किंवा दोघांनी एकदम. `max` म्हणजे इथे दोरी आणखी लांब लागली तर तेवढी धरायची. वाटेवरचे बिंदू दुप्पट घेतले तर डीटीडब्ल्यूची बेरीज साधारण दुपटीने फुगते. हा आकडा तसा फुगत नाही, आणि तो मीटरमध्येच वाचता येतो. बिंदूंवरची ही रीत आयटर आणि मानिला यांनी १९९४ साली मांडली. मूळ कल्पना मॉरिस फ्रेशे यांची, १९०६ची. आणि कृपया 'फ्रेचेट' लिहू नका, उच्चार फ्रेशे.

वाटाड्या_पुणे
एखादं उदाहरण हाताने सोडवून दाखवाल का? मग वाक्य माझं मला जमेल.

रेखावृत्त
सरळ रस्ता घ्या, ९ किलोमीटरचा. मालकाचे बिंदू ०, ३, ६, ९. कुत्रा ६ पर्यंत गेला, मागे ३ वर आला, मग ९ ला पोचला, म्हणजे त्याचे बिंदू ०, ६, ३, ९. आपल्या वाटेवर मागे फिरायचं नाही हा नियम दोघांनाही आहे, पण कुत्र्याची वाटच मागे वळते, तेव्हा ते चालतं. ओळी मालकाच्या, रकाने कुत्र्याचे:

```
       0   6   3   9
  0    0   6   6   9
  3    3   3   3   6
  6    6   3   3   3
  9    9   3   6   3
```

उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात ३, तेच उत्तर. नुसते बिंदूंचे दोन संच म्हणून पाहिलं तर दोन्हींकडे तेच चार बिंदू आहेत, म्हणून क्रम न पाहणारं हाउसडॉर्फ अंतर शून्य येतं. क्रम मोजला की फरक दिसतो. तुमच्या वाक्यात 'क्रमाने चालताना' हे शब्द हवेतच.

कोकणवाट
क्रमावरून माझं सांगते. किल्ल्यावर जातानाची नोंद आणि त्याच वाटेने उतरतानाची नोंद मी अशाच एका साधनात टाकली. वाट तीच, तरी उत्तर थेट पायथा ते माथा एवढं आलं. मला वाटलं जीपीएस बिघडलं.

रेखावृत्त
जीपीएस ठीक होतं. सुरुवातीला मालक पायथ्याशी आणि कुत्रा माथ्यावर, म्हणजे पहिल्याच क्षणी तेवढी दोरी लागली. एक नोंद उलटी करून पुन्हा काढा. दिशा महत्त्वाची नसेल तर दोन्ही प्रकारे काढून लहान आकडा घ्यायचा.

सह्यकडा
तुमच्या तक्त्यावर एक शंका. कुत्रा मागे वळला म्हणून ३ आलं असं तुम्ही म्हणताय. पण मालकाने रस्त्यात ४.५ वर थांबायचं, कुत्र्याने ६ पर्यंत जाऊन ३ वर यायचं. दोरी दीडच किलोमीटर लागते. मग ३ कुठून आलं?

रेखावृत्त
हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि तुमचा हिशेब बरोबर आहे. सलग वक्रांचं खरं उत्तर १.५ आहे. तक्त्यातले ३ पहिल्याच पावलाला आले, वळणाशी त्यांचा संबंध नाही. मालकाला ० वरून थेट ३ वर उडी मारावी लागते, कुत्र्याला ० वरून थेट ६ वर. मालक एकटा हलला तर ३, दोघे हलले तर ३, कुत्रा एकटा हलला तर ६. मधे उभं राहायला कोणाला जागाच नाही.

अजून स्पष्ट पाहायचं तर कुत्र्याला फक्त दोन बिंदू द्या, ० आणि ९. मालकाचे तेच चार. रस्ता हुबेहूब एक, तरी तक्ता ३ सांगतो.

उपाय म्हणजे मधे बिंदू घालणं, तेही दोन्ही वाटांवर. फक्त मालकाच्या वाटेवर ४.५ घातलं तर उत्तर ३ च राहतं, कारण पहिली उडी तशीच राहते. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये हे करून पाहता येतं:

```sql
SELECT ST_FrechetDistance(
  'LINESTRING(0 0, 3 0, 6 0, 9 0)',
  'LINESTRING(0 0, 6 0, 3 0, 9 0)', 0.5);
```

शेवटचा `0.5` काढला तर ३ येतं, ठेवला तर प्रत्येक तुकडा अर्धा होऊन १.५. बिंदू दाट केल्यावर आकडा खाली आला, तर आधीच्या आकड्याचा काही भाग वाटांमधल्या फरकाचा नव्हता, बिंदूंच्या विरळपणाचा होता. किती फुगवटा येऊ शकतो याला मर्यादा आहे: लगतच्या दोन बिंदूंमधल्या सर्वांत मोठ्या अंतरापेक्षा जास्त नाही. दर दहा मीटरला बिंदू असेल तर उत्तर फार तर दहा मीटरने जास्त येईल, खऱ्यापेक्षा कमी कधीच येणार नाही.

वाटाड्या_पुणे
मग बिंदू भरपूर दाट करून टाकावेत?

रेखावृत्त
तक्ता आडवा-उभा वाढतो, हे लक्षात ठेवा. दोन्हीकडे दहा हजार बिंदू म्हणजे दहा कोटी घरं. सगळी साठवली तर एका घराला आठ बाइट धरून ८०० एमबी. फक्त आकडा हवा असेल तर मागची एक ओळ आणि चालू ओळ ठेवली तरी भागतं. घरं मात्र सगळी भरावीच लागतात. आणि पायथनमध्ये हे स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शनने लिहिलंत तर लांब वाटेवर `RecursionError` येईल. साधे दोन लूप लिहा.

कोकणवाट
उलटी करून पाहिली. आता ०.००२ येतंय. हे मीटर की किलोमीटर?

गुंठेवारी
अंश. अक्षांश-रेखांश तसेच दिले असणार. आपल्याकडे ०.००२ अंश म्हणजे साधारण दोनशे मीटर, पण पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण सारखे नसतात, म्हणून नुसतं गुणून चालत नाही. आधी `ST_Transform` ने `32643` मध्ये न्या, कोकण आणि सह्याद्री त्याच पट्ट्यात येतात. मग मीटर मिळतील.

कोकणवाट
१९० मीटर. तीच पायवाट असताना इतकं कसं?

रेखावृत्त
जी जोडी सर्वांत लांब पडते तिची जागा नकाशावर पाहा. बहुतेक एखाद्या कड्याखाली जीपीएसने एकच बिंदू दरीत फेकलेला असेल. या मापात एक चुकीचा बिंदू पुरेसा असतो. बाकी सगळी वाट पाच मीटरवर जुळली तरी आकडा त्या एका बिंदूचाच येतो.

सह्यकडा
म्हणूनच मी बेरजेच्या बाजूचा. एका बिंदूची चूक हजार बिंदूंत विरघळते.

रेखावृत्त
विरघळते, आणि खरी चुकलेली वाटही तशीच विरघळते. कोणी दोनशे मीटर भलत्या घळीत शिरून परत आला, तर ते मला दिसायला हवं. मी आधी अशक्य वेगाचे बिंदू काढून टाकतो, मग हे माप लावतो. पण चालताना जीपीएस हळूहळू सरकत गेलं तर ती चूक वेगावरून पकडता येत नाही, हेही खरं.

वाटाड्या_पुणे
आता असं लिहितोय: 'फ्रेशे अंतर (दोरी-अंतर): दोन वाटांवर दोघेजण सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मागे न फिरता, आपापल्या सोयीच्या वेगाने चालले तर त्यांना बांधणारी दोरी निदान किती लांब हवी ते. आकडा जितका मोठा तितक्या वाटा वेगळ्या. आम्ही ते नोंदवलेल्या बिंदूंवरून काढतो, म्हणून बिंदू विरळ असतील तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो.'

गुंठेवारी
'दोरी' चालेल. 'निदान' छान बसलाय.

रेखावृत्त
वाक्य बरोबर आहे. मी मात्र कंस काढून नुसतं 'फ्रेशे अंतर' ठेवीन. उद्या कोणी दोरीचा ताण बेरजेने मोजणारं माप आणलं तर तेही दोरी-अंतरच म्हणवलं जाईल.

सह्यकडा
माझ्या मते दोरी राहू दे. ट्रेकवाल्याला फ्रेशे कोण ते माहीत नसतं, दोरी माहीत असते.

कोकणवाट
बिंदू सापडला, दरीतच होता. काढल्यावर १४ मीटर. नोंद दर किती मीटरला होते ते आता पाहते, कारण हे १४ सुद्धा सगळे वाटेचे असतील असं वाटत नाही.