मदत हवी आहे: साहेबांनी वाचलेल्या मेसेजमध्ये आकडा चुकलाय. एडिट, डिलीट की खुलासा?

कोरडी_भाकर (10:51)
चाकणला डिस्पॅचला आहे, लागून चारच महिने झालेत. 10:42 ला मॅनेजरसाहेबांना व्हॉट्सॲप केलं, "सर, 240 बॉक्स भरले, गाडी निघाली." आता चलन बघतोय तर 204! टिका निळ्या झाल्यात, उत्तर नाही. एडिटचा पर्याय अजून दिसतोय. गुपचूप 204 करू? लवकर सांगा.

बंड्या७७ (10:52)
कर की. 15 मिनिटं मिळतात. एडिट केलं की त्यांना परत नोटिफिकेशन जातंच.

जुना_गोदामवाला (10:54)
15 मिनिटं बरोबर, पण एडिटचं नोटिफिकेशन जात नाही. मेसेजखाली बारीक 'Edited' येतं, तेही त्यांनी चॅट उघडली तर. साहेबांच्या डोक्यात 240 बसलाय आणि ते पार्टीला तेच सांगतील. उद्या पार्टी म्हणणार 36 बॉक्स कमी आले, आणि तुझ्या चॅटमध्ये 204. साहेबांना वाटेल पोरानं मागाहून बदललं. आधी काय होतं ते तिथं दिसत नाही, तू कसं पटवणार?

न वाचलेला असता तर मीच म्हणालो असतो, एडिट कर.

आता आधी फोन लाव. मग त्याच मेसेजला रिप्लाय दे: "सर, वरचा आकडा चुकला. 240 नाही, 204. चलनावर 204 च आहे." चलनाचा फोटो जोड. माफीचं पुराण नको.

शांताबाईंची_सून (10:57)
ब्लू टिक बंद करायची सेटिंग प्रायव्हसीमध्ये असते बघा.

बंड्या७७ (10:58)
ताई, टिका साहेबांच्या आहेत! बरं, नोटिफिकेशनचं माझं चुकलं. मग डिलीट?

मास्तर_कोल्हापूर (11:03)
डिलीटच्या नादी लागू नका. मी एकदा मुख्याध्यापकांना पाठवलेला मेसेज ते वाचून झाल्यावर उडवला. 'This message was deleted' एवढं मागे राहिलं. दुपारी ऑफिसात बोलावून विचारलं, "काय लपवलंत?" नुसती स्पेलिंगची चूक होती हो! त्यातून कुणी आधीच फॉरवर्ड केला असेल तर ती प्रत तशीच राहते.

कोरडी_भाकर (11:20)
फोन केला. साहेबांनी पार्टीला 240 कळवलं होतं! "बरं झालं लगेच सांगितलंस" म्हणाले, आवाज मात्र कडक. रिप्लाय आणि फोटो टाकला. वरचा 240 तसाच आहे.

शांताबाईंची_सून (11:26)
पण नंतर कुणी वर स्क्रोल करून 240 च उचलला तर? मी तर रिप्लायही दिला असता आणि एडिटही केलं असतं.

जुना_गोदामवाला (11:31)
मग रिप्लायमधलं "वरचा आकडा चुकला" कशाला लागू होणार? वर 204, खाली "240 नाही, 204". वाचणारा गोंधळेल.

शांताबाईंची_सून (11:33)
चुकीच्या आकड्यापेक्षा गोंधळलेला बरा, निदान विचारेल तरी.