आठवी स्टेप, फुगलेले डबे आणि बाबूचे इलेक्टिव्ह

धाकटा, फोंडा: ताई, इलेक्ट्रिकलला यंदा तिनांतले दोन इलेक्टिव्ह घ्यायचेत: पॉवर सिस्टिम प्रोटेक्शन, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स-ड्राइव्ह्ज, डिजिटल कम्युनिकेशन. वर्गातले बहुतेक कम्युनिकेशन घेतायत. शुक्रवारी फॉर्म. मी काय घेऊ?

ताईचं पत्र

बाबू,

चवथीच्या आदल्या दिवशी मी रात्री उशिरा पोचले आणि आई बोलली नाही, आठवतं? वेर्ण्याला एका प्लास्टिकच्या कारखान्यात अडकले होते. त्यांची कपॅसिटर बँक वर्षात तिसऱ्यांदा गेली होती. डबे फुगलेले, फ्यूज उडालेले. माल देणारा म्हणे, तुमचं व्होल्टेज चढतं. मीटर मात्र 415 दाखवत होता.

बँक 400 केव्हीएआरची, 50च्या आठ स्टेप. एका स्टेपने साधारण 70 अँपिअर घ्यावेत. ट्रू आरएमएस क्लॅम्प लावून बसले. पाच स्टेप आत असेपर्यंत 75च्या आसपास. रात्रपाळीला सगळी मशिनं लागली, आठवी आत आली आणि काटा 98वर. कपॅसिटर कायमचा 1.3 पट करंट सोसतो, इथे 1.4 पट.

आता तिथेच पुठ्ठ्यावर केलेला हिशेब. ट्रान्सफॉर्मर 1000 केव्हीए, इम्पिडन्स 5 टक्के, म्हणजे शॉर्ट सर्किट लेव्हल 20,000 केव्हीए. त्याला 400ने भाग, 50 आले. वर्गमूळ 7.07. कारखान्यातले ड्राइव्ह सहा पल्सचे, ते पाचवा नि सातवा हार्मोनिक, म्हणजे 50 हर्ट्झच्या पाचपट नि सातपट लहरी, सोडतातच. बँक पूर्ण भरली की ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून नेमके सातव्याला सूर लावत होते. पाच स्टेपला तोच आकडा 8.9 येतो, म्हणून दिवसा सगळं शांत.

सातवा कुठून येतो ते ड्राइव्ह्जमध्ये शिकशील, 20,000 कुठून आले ते प्रोटेक्शनमध्ये. हे दोन घे. कम्युनिकेशन मित्रांसाठी घेऊ नकोस.

— ताई

टेलिकॉमवाला, पर्वरी: ताईंनी स्वतःच्याच विरुद्ध साक्ष दिली! 350 हर्ट्झ ओळखून काढणं हे आमचंच काम. आणि सबस्टेशनातले रिले आता आयईसी 61850वर फायबरमधून बोलतात. ती भाषा न येणारा प्रोटेक्शनवाला उद्या काय करणार?

ताई: फूरिये त्याला सिग्नल्सच्या सक्तीच्या पेपरात झालाय. डिजिटल कम्युनिकेशनमध्ये मॉड्युलेशन, नॉइज, कोडिंग. 61850चं बोलणं खरं आहे, पण ते जास्त नेटवर्किंगचं. त्या पेपरात ते सापडेल असं मला वाटत नाही.

निवृत्त लाइनमन, म्हापसा: एवढा घोळ कशाला? हार्मोनिक कपॅसिटरच करतो. बँक बंद ठेवायची, डबे फुगणार नाहीत.

पॅनलवाला, मडगाव: काका, डबे फुगणार नाहीत हे अर्धं बरोबर. पण हार्मोनिक ड्राइव्ह करतो, कपॅसिटर फक्त तो फुगवतो. बँक काढली की पॉवर फॅक्टर पडेल, केव्हीए डिमांड चढेल आणि मालक बिल घेऊन तुमच्याच दारात येईल. इलाज म्हणजे प्रत्येक स्टेपला 7 टक्क्यांचा रिअॅक्टर. सूर 189 हर्ट्झवर उतरतो, पाचव्याच्याही खाली. एक चूक मात्र मी स्वतः केलीय: रिअॅक्टर बसवला आणि जुने 440 व्होल्टचे डबे तसेच ठेवले. रिअॅक्टरमुळे डब्यावरचं व्होल्टेज सातेक टक्क्यांनी चढतं. सहा महिन्यांत परत तीच रड. 525चे घ्यायला हवे होते.

ताई: आम्हीही 525चेच घातले. तेव्हापासून बोलावणं नाही.

कुंकळ्ळीची गृहिणी: आमच्याकडे पावसात फीडर गेला की इन्व्हर्टरवर पंखा घूं घूं करतो. मुलाला कोणता विषय द्यावा म्हणजे हे सुटेल?

पॅनलवाला, मडगाव: वहिनी, तुमचा इन्व्हर्टर चौकोनी लहर देत असणार. साइन वेव्हचा घ्या, मुलाला त्याच्या आवडीचं शिकू द्या.

टेलिकॉमवाला, पर्वरी: पण ताई, गोव्यात कारखाने किती नि अशा बँका किती? मुलाने उद्या बंगळूरला जायचं ठरवलं तर?

ताई: ड्राइव्ह बंगळूरलाही असतात. आणि गेटच्या इलेक्ट्रिकल पेपरात पॉवर सिस्टिम, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आहेत, कम्युनिकेशन नाही. ते इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात. आधी कोणता पेपर देणार ते ठरव, बाबू.

धाकटा, फोंडा: तेच तर ठरत नाही. ड्राइव्ह्ज पहिल्या रकान्यात लिहिलंय. दुसरा कोरा आहे. प्रोटेक्शनला यंदा नवीन सर येणार म्हणतात, लॅबमधला रिले टेस्टिंग किट दोन वर्षं बंद पडलाय.

ताई: किट कुठे अडकतो ते उद्या बघून मला फोटो पाठव. मग बोलू.