शब्दचर्चा: पूर्वाभिमुख घर आणि "दुपारच्या सोनेरी उन्हातलं प्रवेशद्वार"

विश्रामबागवाली
सांगलीत एका आर्किटेक्टकडे ब्रोशरचं मराठी लिहायचं काम करते. मी टेक्निकल नाही, फक्त शब्द जुळवते. परवा एका बंगल्याचा रेंडर आला, खाली वेळ ४:३०, महिना डिसेंबर, आणि दर्शनी भिंत नुसती उजळलेली. मी लिहिलं, "दुपारच्या सोनेरी उन्हात न्हालेलं पूर्वाभिमुख प्रवेशद्वार". क्लायंटच्या आईंनी तिथल्या तिथे विचारलं, "पूर्वेच्या दारात दुपारी ऊन कुठनं येतंय गं पोरी?" आता सर म्हणतायत चित्र राहू दे, शब्द बदल. तर "दुपारचं" काढून काय घालू? उतरतं ऊन, कलतं ऊन, तिरपं ऊन? की पूर्वाभिमुखच चुकतंय?

मोरपीस_६२
"न्हालेलं" आधी काढा. सगळ्या ब्रोशरात घरं न्हातच असतात.
बाकी उतरतं ऊन छान शब्द आहे पण तो वेळ सांगतो, दिशा नाही. तिरपं ऊन सकाळीही असतं. आमच्या आजोळी (कराडजवळ) म्हणायचे "उन्हं कलली", म्हणजे साधारण तीन-साडेतीन. चित्रात काय दिसतंय त्यावर ठरवा.

पंतांचा_गोट
ताई, पूर्वाभिमुख बरोबर आहे. पूर्वमुखी म्हणतात ते जाहिरातवाल्यांचं. आणि सूर्य पूर्वेला उगवतो, तेव्हा सकाळी ऊन बरोबर समोरून, दुपारी बरोबर मागून. साधी गोष्ट आहे, यात चर्चा कसली.

गवंड्याचा_पोरगा
पंत, अर्धं बरोबर. बरोबर पूर्वेला सूर्य वर्षात दोनदाच उगवतो, मार्चच्या विशीत आणि सप्टेंबरच्या बावीस-तेवीसला. सांगलीत डिसेंबरात तो पूर्वेपासून जवळपास २५ अंश दक्षिणेला सरकून उगवतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. म्हणून "समोरून" हा शब्द बाराही महिने चालत नाही.
ताई, प्लॉटचं नेमकं रीडिंग काय आहे? म्हणजे घराकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून कंपास किती दाखवतो? घराकडे बघत घेतलेलं नको, ते बरोबर उलटं येतं. आणि गेटपाशी उभं राहून घेतलं असेल तर परत घ्या, लोखंडाजवळ कंपास वेड्यासारखा फिरतो.

विश्रामबागवाली
सरांच्या माणसाने गेटपाशी घेतलेलं ९०. मी आज स्वतः गेले, मोकळ्या जागेत मधोमध उभी राहिले तर १०५ आलं. तीनदा घेतलं, तीनदा तेच.

पंतांचा_गोट
मग विदिशा प्लॉट झाला! पूर्वाभिमुख लिहिता येणार नाही.

मोरपीस_६२
विदिशा म्हणायला आग्नेयेच्या जवळ तरी जायला हवं. आठ दिशांच्या हिशोबात प्रत्येकीला ४५ अंश येतात, ११२ पर्यंत पूर्वच. शब्दाला एवढी लवचिकता असते की.

पंतांचा_गोट
वास्तूत नसते.

गवंड्याचा_पोरगा
वास्तू बाजूला ठेवून बोलतो. दर्शनी भिंत १०५ ला बघतेय असं धरून हिशोब केलाय. २१ डिसेंबर, सकाळी साडेआठ: सूर्य १२३ अंशावर आणि क्षितिजापासून १९ अंश वर. म्हणजे भिंतीच्या नाकासमोरून १८ अंश दक्षिणेला. रस्त्यावरून घराकडे बघणाऱ्याच्या डाव्या खांद्यामागून ऊन येणार. तीच वेळ ८ मेला धरली तर सूर्य ८० वर, ३३ अंश उंच, म्हणजे नाकाच्या २५ अंश उत्तरेला, उजव्या खांद्यामागून. घर तेच, घड्याळात तेच साडेआठ, पण सावली उलट्या बाजूला. कॅप्शनमध्ये महिना नसेल तर "सकाळचं ऊन" म्हणजे अर्धीच माहिती.
आता दुपार. डिसेंबरात साडेचारला सूर्य २३७ वर, म्हणजे घराच्या पाठीमागे. उंची परत १९ अंशच. घर २४ फूट उंच धरलं तर सावली ७० फूट पडते, ती तिरकी ईशान्येला जाते, आणि भिंतीपासून सरळ पुढे मोजली तरी ४७ फूट होते. बहुतेक प्लॉटात पुढचं अंगण, गेट, रस्त्याचा काही भाग सगळं सावलीत. त्या भिंतीवर सोनेरी काहीच नाही, फक्त आकाशाचा निळसर उजेड. आजी बरोबर आहेत.

विश्रामबागवाली
मग चित्रात उजेड आला कुठून??

गवंड्याचा_पोरगा
माझा अंदाज सांगतो, तुम्ही फाइल बघून खात्री करा. मॉडेल बनवताना पुढची बाजू कागदाच्या खालच्या अंगाला ठेवतात, आणि सॉफ्टवेअर वरच्या बाजूला उत्तर धरतं. उत्तर फिरवलंच नाही तर सूर्याच्या हिशोबाने घर दक्षिणेला तोंड करून बसतं, १८० वर. डिसेंबरातला साडेचारचा सूर्य अशा भिंतीवर तिरपा पडतोच. वरून बघताना मॉडेल ७५ अंश घड्याळाच्या उलट फिरवायला सांगा, मग तीच वेळ लावा, भिंत काळवंडेल. आणि टाइम झोन `UTC+5:30` आणि लोकेशन सांगली आहे ना तेही बघायला सांगा, कारण घड्याळातले बारा म्हणजे आपल्याकडे सूर्याचे बारा नव्हेत. डिसेंबरात सांगलीला सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो साडेबाराच्या सुमाराला.

तासगावचा_बेदाणा
चांगला विषय काढला राव. आमच्या बेदाण्याच्या शेडला पश्चिमेकडनं दुपारी ऊन घुसतं आणि माल तांबडा पडतो, हिरवा राहत नाही. शेडनेट लावलंय पण खालून तिरीप येतेच. तोंड कुठल्या दिशेला पाहिजे होतं?

मोरपीस_६२
दादा, इथे शब्दाची चर्चा चाललीय :)
पण तिरीप! बघा, हा खरा शब्द. ऊन फटीतून किंवा कडेवरून येतं ती तिरीप, पानांतून किंवा कौलाच्या भोकातून जमिनीवर गोल पडतो तो कवडसा. ब्रोशरवाले दोन्हीला "सूर्यकिरण" म्हणून मोकळे होतात.

गवंड्याचा_पोरगा
तासगावकर, मार्च-एप्रिलात मावळतीचा सूर्य पश्चिमेच्या आसपासच असतो आणि शेवटचे दोन तास इतका खाली की छप्पर कितीही पुढे काढलं तरी आत येणार. पश्चिमेची बाजू जमिनीपर्यंत उभी झाका, वरून आडवं काही करून उपयोग नाही.

अजिंक्यताऱ्याखाली
साताऱ्याहून लिहितेय. आमचं घरही पूर्वेला तोंड करून, पण मला मागचंच ऊन मिळत नाही, कारण पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर. अॅपमध्ये सूर्यास्त सव्वासहा दाखवतं आणि आमच्या परसात त्याच्या खूप आधी ऊन गेलेलं असतं. आमच्या सासूबाई त्याला सूर्य मावळला म्हणत नाहीत, "दिवस डोंगराआड गेला" म्हणतात, आणि मावळला म्हणतात तो खरा अंधारायला लागल्यावर. हे दोन वेगळे शब्द मला फार आवडतात.

मोरपीस_६२
वा. आणि साडेआठच्या उन्हाला आपल्याकडे आयता शब्द आहे, "दिवस कासराभर वर आला". कासरा म्हणजे बैलाचा दोर, तेवढा वर. डिसेंबरातले ते १९ अंश म्हणजे कासराभरच की.

तासगावचा_बेदाणा
न्हाई, साडेआठ म्हणजे कासरा कधीच ओलांडला. कासराभर दिवस म्हणजे उगवून थोडंच झालेलं. आमचे वडील औताला निघायचे तवा.

पंतांचा_गोट
ब्रोशरमध्ये कासरा? बंगला विकायचाय की बैल?

मोरपीस_६२
"गोल्डन अवर" चाललं असतं मग तुम्हाला. तेही कोणीतरी गोरज वेळ असं भाषांतर करून छापलेलं मी पाहिलंय, वर चित्र सकाळचं.

विश्रामबागवाली
फाइल बघितली. तुमचा अंदाज खरा निघाला, उत्तर फिरवलेलंच नव्हतं. फिरवल्यावर दार पूर्ण सावलीत. सर आता सकाळी साडेआठचा रेंडर करतायत, डिसेंबरचाच. मी कच्चं लिहिलंय: "सकाळच्या कोवळ्या उन्हात, उजव्या बाजूने उजळलेलं प्रवेशद्वार". ओके?

गवंड्याचा_पोरगा
उजव्या कुणाच्या? बघणाऱ्याच्या डावीकडून येतंय ते. आणि एक तपासा, दरवाज्यावरचा छज्जा दोन फूट असेल तर डिसेंबरात साडेआठला त्याची सावली भिंतीवर साधारण नऊ इंचच उतरते. मेमध्ये सतरा. चित्रात छज्जाखाली दीड फूट सावली दिसली तर समजा तारीख डिसेंबरची नाही, खाली काहीही छापलेलं असो.

मोरपीस_६२
ताईंचं "उजव्या" चूक नाही हं! दक्षिण शब्दाचा मूळ अर्थच उजवा. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला येते ती दक्षिण. पूर्व म्हणजे पुढची, पश्चिम म्हणजे मागची. घर स्वतः पूर्वेला तोंड करून उभं आहे, तेव्हा घराचा उजवा हात म्हणजे दक्षिण. ऊन दक्षिणेकडून येतंय, म्हणजे घराच्या उजवीकडूनच.

पंतांचा_गोट
आणि उत्तर म्हणजे प्रश्नाचं उत्तर, कारण तिकडे ऋषी बसायचे.

मोरपीस_६२
पंत, उत्तर म्हणजे वरचा किंवा नंतरचा. प्रश्नानंतर येतं म्हणून ते उत्तर. ऋषींना मध्ये आणू नका.

गवंड्याचा_पोरगा
ब्रोशर वाचणारा माणूस रस्त्यावर उभा आहे, घराच्या आत नाही. त्याच्या डाव्या हाताला ऊन दिसतंय आणि खाली लिहिलंय उजवीकडून, तर तो म्हणणार चित्र उलटं छापलं. मी साइटवर डावं-उजवं बोलतच नाही, थेट दक्षिणेकडची खिडकी, उत्तरेकडची भिंत. डाव्या-उजव्यापायी एकदा कट्टा भलत्या बाजूला बांधून झालेला, मिस्त्री घरातून बघत होता आणि मालक अंगणातून.

अजिंक्यताऱ्याखाली
आमच्याकडे "उगवतीचं दार" आणि "मावळतीचं दार" म्हणतात, अंश नाहीत आणि डावं-उजवंही नाही.

पंतांचा_गोट
उगवती २५ अंश सरकते असं आत्ताच वर कोणीतरी म्हणालं ना? मग उगवतीचं दार कुठल्या महिन्यातलं?

विश्रामबागवाली
सरांनी शेवटी "पूर्वाभिमुख प्रवेशद्वार, डिसेंबर, सकाळी ८:३०" एवढंच ठेवलं. कोवळं ऊन पण गेलं. आता आईंनी नवीन विचारलंय: डिसेंबरात दारावरचं ऊन सव्वा एकपर्यंत टिकतं आणि मेमध्ये साडेबारालाच निसटतं (गवंड्याचा_पोरगा यांनी मेसेजमध्ये हिशोब दिला), तर भिंतीवरून ऊन निघून जातं त्या क्षणाला शब्द काय? त्या म्हणतात त्यांच्या माहेरी होता, आठवत नाहीये.

तासगावचा_बेदाणा
ऊन वसरी सोडतं म्हणायची आमची आजी. पण आमची वसरी पश्चिमेची, तिथं ऊन दुपारी यायचं, जायचं न्हाई. तेव्हा ती नक्की काय म्हणायची तेच आता कळंना झालंय.