मदत हवी आहे: हा आरबीसी कास्टच आहे का?

नमस्कार मंडळी. धंतोलीतल्या एका लहान लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. आज नऊ वर्षांच्या मुलाची लघवी आली, रंग कोऱ्या चहासारखा. पापण्या सुजलेल्या, दोनेक आठवड्यांपूर्वी घसा दुखत होता म्हणे. पट्टीवर रक्त ३+, प्रोटीन २+.

ताजीच १० मिली लघवी १५०० आरपीएमवर ५ मिनिटं फिरवली, वरचं पाणी ओतून गाळ अर्धा मिलीत हलवला. कंडेन्सर खाली, उजेड कमी. १०एक्सवर कव्हरस्लिपच्या कडेला तांबूस-तपकिरी कास्ट दिसला. ४०एक्सवर त्याच्या बाजू समांतर, टोक गोलसर, आत लाल पेशी दाटलेल्या. पण अर्ध्या भागात पेशींच्या कडा पुसट होऊन नुसते तपकिरी कण उरलेत. सुट्या लाल पेशींपैकी बऱ्याच वेड्यावाकड्या, काहींच्या काठाला फुगे.

कॅल्शियम ऑक्झलेटचेही थोडे स्फटिक आहेत, पण आपल्या नागपुरी उन्हाळ्यात घट्ट लघवीत ते दिसतातच. त्यावर अडत नाही.

अडतं ते इथं: पेशी कास्टच्या आतच आहेत, वरून चिकटलेल्या नाहीत, हे तुम्ही कसं ठरवता? मी फाईन फोकस वरखाली करून पाहिलं, पेशी वेगवेगळ्या पातळीवर दिसतात. म्युकसच्या धाग्याला चिकटलेला पुंजका असता तर बाजू इतक्या सरळ नसत्या, असं मला वाटतं. फेज कॉन्ट्रास्ट नाही. आरबीसी कास्ट लिहिला की डॉक्टर ग्लोमेरुलसमधून रक्त येतंय असंच धरणार, म्हणून विचारतोय. तपकिरी भाग ग्रॅन्युलर म्हणून वेगळा लिहू, की तो त्याच कास्टमधल्या फुटलेल्या पेशींचा धरू?