मदत हवी आहे: नाशकात तीन नवे दवाखाने नेमके कुठे काढावेत?

मेरीकर

नमस्कार मंडळी. आमचा छोटा धर्मादाय ट्रस्ट नाशकात दोन दवाखाने चालवतो, एक पंचवटीत आणि एक नाशिकरोडला. आता आणखी तीन काढायचे ठरले आहे. जागा मिळू शकेल अशी २२ ठिकाणं हाताशी आहेत, म्हणजे समाजमंदिरं, शाळांच्या रिकाम्या खोल्या, काही गाळे. शिवाय ६४ वस्त्यांची यादी आहे आणि प्रत्येक वस्तीतून महिन्याला साधारण किती रुग्ण येतील याचा अंदाज. हा अंदाज आशाताईंबरोबर बसून काढलाय, त्यामुळे त्यावर माझा बराच भरवसा आहे.

सगळ्या रुग्णांचं मिळून येण्याचं अंतर कमीत कमी व्हावं, एवढाच उद्देश. एक्सेलमध्ये मी आधी अशी जागा शोधली की तिथे एकच दवाखाना काढला तर एकूण बेरीज सगळ्यात कमी येते. ती पक्की धरून दुसरी शोधली, मग तिसरी. जुने दोन दवाखाने हिशेबात घेतले नाहीत, कारण ते तर आहेतच. अंतरं नकाशावरून सरळ रेषेत मोजली आहेत.

पहिली जागा द्वारकेजवळ आली आणि दुसरी मखमलाबाद नाक्याला. मनाला पटत नाही. सिडको, अंबड, पाथर्डीकडची माणसं सोडून गाडी गावाच्या मध्यातच का घुटमळते? आमचे खजिनदार म्हणतात की पैसे टप्प्याटप्प्यानेच येणार, तेव्हा एकेक जागा निवडणंच बरोबर. जाणकारांनी सांगावं.

कळसूबाई

याला एवढं डोकं लावायची गरज नाही. अक्षांश-रेखांश टाका, के-मीन्स चालवा, गट तीन सांगा आणि वस्तीच्या रुग्णसंख्येचं वजन द्या. तीन मध्यबिंदू मिळतील, त्यांच्या जवळच्या जागा घ्या. मी पार्सलच्या गोदामांसाठी हेच केलं होतं. वस्त्या जवळच्या केंद्राला वाटायच्या, केंद्र हलवायचं, पुन्हा वाटायच्या. तत्त्व तेच आहे.

नकाशेवाला

मेरीकर, तुमच्याकडे रुग्णांचे आकडे वस्तीनिहाय आहेत, हे फार मोलाचं आहे. बहुतेक जण प्रभागाची जनगणना घेऊन बसतात आणि २०११ नंतर पाथर्डी-आडगावकडे जे वाढलं ते त्यात दिसतच नाही.

आता तुमचं उत्तर मध्यातच का घुटमळतं ते बघू. एका सरळ रस्त्यावर तीन वस्त्या समजा. अ शून्य किलोमीटरवर, १०० रुग्ण. ब चार किलोमीटरवर, ८० रुग्ण. क आठ किलोमीटरवर, १०० रुग्ण. एकच दवाखाना काढायचा तर ब ला काढा: अ चे ४०० आणि क चे ४००, बेरीज ८०० रुग्ण-किलोमीटर. अ किंवा क ला काढला तर ११२० होते. म्हणजे तुमच्या पद्धतीत ब पक्का. त्यानंतर दुसरा अ ला काढा किंवा क ला, बेरीज ४०० वर थांबते.

पण दोन्ही एकदम निवडले असते तर? अ आणि क. फक्त ब ची माणसं चार किलोमीटर चालतील, बेरीज ३२०. एकटा असताना उत्तम असलेला ब जोडी होताच नडतो, आणि तुमच्या पद्धतीत एकदा घेतलेली जागा परत सोडता येत नाही. द्वारका तुमच्या यादीतला ब आहे.

जुन्या दवाखान्यांचंही यातच दिसतं. समजा ब ला तुमचा जुना दवाखाना आहे आणि नवा एकच काढायचाय. जुना हिशेबात नसेल तर गणित पुन्हा ब च सुचवेल, आणि तिथे शेजारी दुसरा काढून एकाही रुग्णाचं एक पाऊलही वाचणार नाही. जुना उघडा धरला तर अ किंवा क येईल आणि ८०० वरून ४०० वर याल. तेव्हा जुने दोन्ही आधीपासून उघडे धरा आणि नव्या तिघांची निवड एकत्र करा.

कळसूबाई, वाटणं-हलवणं हा भाग तुम्ही बरोबर सांगितलात. पण के-मीन्स अंतराचा वर्ग कमी करतं, अंतर नाही. एका जागी ९० रुग्ण आणि दहा किलोमीटरवर १० रुग्ण असतील तर त्याचं केंद्र एक किलोमीटर सरकतं, म्हणजे नव्वद जण दहांसाठी चालतात आणि बेरीज ८० ने जास्त होते. शिवाय तो बिंदू द्राक्षबागेत पडला तर जवळची म्हणून घेतलेली जागा सगळ्यात चांगली निघेलच असं नाही.

कळसूबाई

वर्गाचा मुद्दा मान्य. पण मग २२ जागांतच का अडकायचं? दोन वस्त्यांच्या मधोमध रस्त्यावर उत्तम जागा असू शकते की.

नकाशेवाला

अंतर रस्त्यानेच मोजायचं असेल तर नाही. हकीमी यांनी १९६४ मध्येच दाखवून दिलं की रस्त्यांच्या जाळ्यावर निदान एक उत्तम उत्तर गाठींवरच मिळतं, म्हणजे वस्तीच्या ठिकाणी किंवा रस्ते मिळतात त्या चौकात. मधल्या जागेमुळे बेरीज त्याहून कमी होत नाही. इथे तर खोल्याही २२ च ठिकाणी आहेत.

आणि २२ मधून तीन म्हणजे फक्त १५४० तिकड्या. कसलंही अवघड तंत्र नको, सगळ्या तपासून टाका:

```python
from itertools import combinations

def ekun(nave):
    ughade = june + list(nave)
    return sum(w[i] * min(d[i][j] for j in ughade) for i in w)

yadi = sorted((ekun(t), t) for t in combinations(jaga, 3))
for v, t in yadi[:10]:
    print(round(v), t)
```

`w` मध्ये वस्तीचे रुग्ण, `d` मध्ये अंतरं, `june` मध्ये तुमचे दोन जुने. दहा ओळी मुद्दाम मागितल्या आहेत. पहिल्या आणि पाचव्या तिकडीत अनेकदा अर्ध्या टक्क्याचाही फरक नसतो. तिथे भाडं, पाणी, बसथांबा बघून ठरवा. शेकडो जागांतून दहा-पंधरा निवडायच्या असतील तरच सॉल्व्हर लागतो.

सरळ रेषेतली अंतरं मात्र बदला. आपल्याकडे मध्ये गोदावरी आहे, पलीकडचा दवाखाना डोळ्यांना दिसतो पण पुलापर्यंत जाऊन यावं लागतं. `OSRM` ची `table` सेवा रस्त्याचं अंतर देते. त्यात `annotations=distance` लिहा, नाहीतर सेकंद मिळतील. आणि रेखांश आधी, अक्षांश नंतर: `73.79,20.00`. उलटं टाकलंत तर तुमच्या ६४ वस्त्या नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातात, तरी आकडे येतातच. ते कळायला दोन ओळखीच्या ठिकाणांमधलं अंतर आधी तपासून बघा.

डॉ. इंदिरानगर

चांगला धागा. मीही स्वतःचं क्लिनिक काढतोय, पाथर्डी फाटा की गंगापूर रोड या पेचात आहे. हाच कोड माझ्यासाठी चालेल का?

नकाशेवाला

डॉक्टर, तुमचा प्रश्न वेगळा आहे. इथे प्रत्येक रुग्ण जवळच्या दवाखान्यात जाईल असं धरलंय, कारण पाचही एकाच ट्रस्टचे, फी तीच, औषधं तीच. तुमच्या शेजारी दुसरे डॉक्टर असतील, रुग्ण ओळखीनेही येईल. त्यासाठी वाट्याचं गणित लागतं. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

सिस्टर_सातपूर

मी बरीच वर्षं वस्त्यांमधून फिरते आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते.

पहिली. जवळचा म्हणजे कुठला, हे बाई लेकराला कडेवर घेऊन निघाली की ठरतं. महामार्ग ओलांडायचा नको म्हणून ती सिटीलिंकने लांबच्या दवाखान्यात जाते. आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलं, दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की गोदाघाटावरचे खालचे पूल बंद. मग पंचवटीकडून यायला होळकर पुलाचाच वळसा.

दुसरी. बेरीज कमी झाली म्हणजे सगळ्यांचं भलं झालं असं मला वाटत नाही. पिंपळगाव बहुल्याच्या पुढे मळ्यांत राहणारी माणसं तुमच्या यादीत किती असतील, चाळीस? ती बेरजेत दिसणारही नाहीत. पण डॉक्टर सगळ्यात कमी भेटतात त्यांनाच.

नकाशेवाला

सिस्टर, दुसरा मुद्दा आकड्यांतच दिसतो. चाळीस माणसांचे सात-सात किलोमीटर वाचले तर २८०. सिडकोतल्या दोन हजारांचे दोनशे-दोनशे मीटर वाचले तर ४००. गणित सिडकोकडे वळणार.

उपाय आहे. त्या १५४० मधून ज्या तिकडीत एखादी वस्ती चार किलोमीटरपेक्षा लांब राहते ती काढून टाका आणि उरलेल्यांत सगळ्यात कमी बेरीज बघा. ती किती वाढली तीच त्या अटीची किंमत. अट चारची की पाचची, हे मात्र गणित सांगणार नाही, ते ट्रस्टने ठरवायचं.

पुलांसाठी अंतरांचा दुसरा तक्ता करा, खालचे पूल काढून. दोन्ही तक्त्यांत वरच्या दहांत राहणारी तिकडी घ्या. कार आणि पायी असेही वेगळे तक्ते हवेत, कारण दुभाजकामुळे कारला पडणारा वळसा चालणाऱ्याला पडत नाही.

मेरीकर

सगळ्यांचे आभार. जुने दोन उघडे धरून आणि रस्त्याच्या अंतराने चालवलं. पहिल्या क्रमांकावर पाथर्डी फाटा, अशोकनगर आणि आडगाव. द्वारका पहिल्या दहांत कुठेच नाही. दुसऱ्या क्रमांकावर पाथर्डी फाट्याऐवजी अंबड आहे, फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, आणि अंबडची खोली थांब्याला लागून आहे. पूल काढून केलेल्या तक्त्यातही या दोन तिकड्या वरच राहिल्या.

चार किलोमीटरची अट घातली तर एकही तिकडी उरत नाही. पाचची घातली तर उरतात, पण अशोकनगरऐवजी पिंपळगाव बहुला येतं आणि बेरीज तीन टक्क्यांनी वाढते. मला ही किंमत द्यावीशी वाटते. बैठकीत सगळ्यांना तसं वाटेल का, सांगता येत नाही.

खजिनदारांचा प्रश्न मात्र उरतोच. यंदा एकाचेच पैसे आहेत.

नकाशेवाला

तिकडी एकत्रच निवडा आणि तिच्यातला क्रम नंतर लावा: यंदा तिघांपैकी ज्याने बेरीज सगळ्यात जास्त उतरते तो आधी. पण खजिनदारांची काळजीही खरी आहे. वरच्या उदाहरणात ब ला काहीच नाही असं धरून अ आणि क ठरवले, अ काढला आणि क चे पैसे कधी आलेच नाहीत, तर ११२० वर अडकाल. ब काढला असता तर ८०० असते. म्हणून निवडलेल्या तिकडीतला पहिला एकटाच राहिला तर बेरीज किती, आणि सगळ्या जागांतून एकच निवडली तर किती, हे दोन्ही आकडे बैठकीत ठेवा.

सिस्टर_सातपूर

आणि पिंपळगाव बहुला ठरलं तर ते शेवटच्या टप्प्यात टाकू नका. शेवटच्या टप्प्याचे पैसे आलेले मी फारसे पाहिलेले नाहीत.

मेरीकर

हे खजिनदारांना दाखवतो. बैठक झाली की इथेच लिहीन. तोवर एक विचारतो: पिंपळगाव बहुला आधी काढलं तर पहिल्या वर्षी अंबडपेक्षा बेरीज बरीच जास्त राहते. कुणी असा टप्प्यांचा हिशेब वर्षांचं वजन देऊन केला असेल तर ते वजन कसं ठरवलंत?