अर्जदार कोण, पालक कोण, अधिवास म्हणजे नेमकं काय? (दाखल्याच्या फॉर्ममधले शब्द)

पहिलीच_वेळ:
बारावीला आहे, वय १७. अॅडमिशनसाठी डोमिसाईल लागणारे म्हणून फॉर्म उघडला तर पहिल्याच पानावर अडकले. 'अर्जदाराचे नाव' मध्ये माझं लिहू का आईचं? बाबा नाहीयेत, आई सातारा जिल्ह्यात गावी असते, मी गेली सहा वर्षं पुण्यात मामाकडे राहते आणि शाळेत पालक म्हणून मामाचंच नाव आहे. खाली 'अर्जदाराशी नाते' असं पण विचारलंय. आणि शेवटी 'साक्षांकित प्रती जोडा', त्या कुठून आणायच्या?

टिल्लू९९:
दाखला ज्याला पाहिजे तो अर्जदार, एवढं सोप्पंय. तुझं नाव टाक आणि सबमिट कर.

निवृत्त नाना:
टिल्लू, अठरा पूर्ण असती तर तुझं बरोबर होतं. अर्जदार म्हणजे अर्ज करणारा, सही करून 'वरील माहिती खरी आहे' याची जबाबदारी घेणारा माणूस, दाखला कुणाच्या नावाने निघणार हा प्रश्न वेगळा. बेटा, तू अजून सज्ञान नाहीस म्हणून अर्जदार आई, आणि दाखला ज्याच्यासाठी हवा त्या रकान्यात तुझं नाव, तुझी जन्मतारीख. कुठे त्याला 'लाभार्थी' म्हणतात, कुठे नुसतं 'कोणासाठी' असतं. हा दुसरा भाग घाईत तसाच सोडला की आईच्याच नावाचा दाखला निघतो आणि मग सगळं परत पहिल्यापासून. मी तहसीलला टेबलावर बसायचो तेव्हा हे सारखं व्हायचं.
नात्याचं पण नीट वाच. 'लाभार्थीचे अर्जदाराशी नाते' असेल तर 'मुलगी' आणि 'अर्जदाराचे लाभार्थीशी नाते' असेल तर 'आई'. वाक्यात 'चे' कुणाला लागलाय ते बघायचं, उत्तर त्याचं असतं.

कोकणकन्या:
पण नाना, शाळेत पालक मामा आहेत ना, मग सही मामांनी केली तर नाही का चालणार? आमच्याकडे पुतण्याची सगळी कागदं काकाच करतो.

निवृत्त नाना:
शाळेतला पालक म्हणजे पालकसभेला येणारा, मूल ज्याच्या घरी राहतं तो. कॉलेजच्या फॉर्मवर त्यालाच 'स्थानिक पालक' म्हणतात. कायद्यातला पालक वेगळा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा आहे, त्यात नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. मामा, काका, आजोबा कितीही वर्षं सांभाळत असले तरी त्यात येत नाहीत, त्यांना कोर्टातून नेमणूक करून घ्यावी लागते, त्याला १८९० चा जुना कायदा आहे. इथे आई हयात आहे, तेव्हा पालकाच्या रकान्यात आईच. मामाचा पत्ता मात्र हिचा सध्याचा पत्ता म्हणून येईल.

शेतकरी_दादा:
मधेच विचारतो, माझ्या सातबाऱ्यावर नावापुढे अ.पा.क. लिहिलंय आणि खाली आईचं नाव. एकाने सांगितलं अ म्हणजे अज्ञान, म्हणून गावात हसतात मला. हे काय आहे?

निवृत्त नाना:
हसणाऱ्यांचे सातबारे पण एकदा बघा 😄 कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे अठराच्या आतला, अडाणी नव्हे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वडील गेले तेव्हा तुम्ही लहान असणार, म्हणून तुमच्या हिश्शापुढे आईचं नाव पालनकर्ती म्हणून लागलं. जमीन तुमचीच आहे. पण अठरा झाले म्हणून तो शेरा आपोआप जात नाही, वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज करा किंवा ई-हक्कवरून भरा, फेरफार होऊन शेरा कमी होतो. विकायला किंवा कर्ज काढायला गेलं की हाच शेरा आडवा येतो.

सेतूवाला:
मूळ विषयावर येतो. रहिवासी आणि अधिवास यात पण लोक गल्लत करतात. रहिवासी म्हणजे आत्ता कुठं राहता, तेवढंच. अधिवास म्हणजे डोमिसाईल, तुमचं कायमचं घर कुठलं ते. आपल्याकडे अधिवासाच्या दाखल्याचं पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र', म्हणून कॉलेजने नॅशनॅलिटी सर्टिफिकेट मागितलं की दुसरं काही शोधत बसू नका, हाच कागद. साधारण १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा बघतात.

टिल्लू९९:
जन्म महाराष्ट्रातला असला की झालं ना? जन्मदाखला जोडायचा.

सेतूवाला:
जन्मदाखल्याने जन्म कुठे झाला ते कळतं, त्यानंतर कुठे वाढलात ते नाही कळत. हिचंच बघा. सहाव्या वर्षी पहिलीत गेली असं धरलं तर आता १७, म्हणजे शाळेच्या कागदांवरून ११ वर्षं निघतात, वरची ४ कमी पडतात. ती भरून काढायला जन्मदाखला आणि आईचं जुनं रेशनकार्ड किंवा त्या वर्षांची घरपट्टी, लाईटबिल, म्हणजे त्या काळात घर इथंच होतं हे दिसतं. बोनाफाईड आणताना पहिलीपासूनच्या सगळ्या शाळांचं आणा, नुसतं पुण्याच्या शाळेचं आणलं तर सहाच वर्षं दिसतील.

वकीलीण_बाई:
एक तिरकी गोष्ट सांगते. सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात म्हटलंय की भारतात अधिवास एकच, भारताचा, राज्याचा वेगळा अधिवास असं काही नसतं. म्हणजे दाखल्यावर शब्द अधिवास असला तरी खरं मोजतात ती राहण्याची वर्षं. म्हणून तर सगळा भर पुराव्यांवर.

पहिलीच_वेळ:
हे क्लिअर झालं. पण अर्ज साताऱ्याला की पुण्याला? आणि साक्षांकित राहिलंच.

कोकणकन्या:
साक्षांकित म्हणजे दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या.

निवृत्त नाना:
नाही गं. साक्षीदार व्यवहाराला असतो, आपल्यासमोर सही झाली हे त्याने सांगायला. साक्षांकन झेरॉक्सचं होतं, मूळ कागद बघितला आणि ही प्रत तशीच आहे, एवढंच त्याचं म्हणणं. पूर्वी राजपत्रित अधिकारी शोधत फिरायला लागायचं. २०१५ मध्ये राज्य सरकारने बहुतेक कामांना ते काढून टाकलं, आता स्वयंसाक्षांकित चालतं. झेरॉक्सच्या मोकळ्या जागेत 'सत्यप्रत' लिहायचं, खाली सही, पूर्ण नाव, तारीख. सही अर्जदाराची, म्हणजे तुझ्या केसमध्ये आईची. मूळ कागदावर चुकूनही काही लिहू नका, लोक तेही करतात. आणि कुठे 'प्रमाणित प्रत' मागितली असेल तर झेरॉक्सवर सही करून भागत नाही, ज्या ऑफिसात मूळ नोंद आहे तिथूनच शिक्क्याची नक्कल काढावी लागते.

सेतूवाला:
सातारा की पुणे, माझ्या मते पुणे, राहते तिथे.

निवृत्त नाना:
मला सातारा सोपं वाटतं. अर्जदार आई, रेशनकार्ड तिथलं, अर्धे पुरावे तिथले. पुण्याला केलं तर मामाच्या घराचे कागद जोडायला लागतील आणि वर त्यांचं संमतीपत्र मागतील.

सेतूवाला:
आमच्या सेंटरला अशा दोन्ही केसेस झाल्यात नाना, टेबलावर कोण बसलंय त्यावर पण असतं.

पहिलीच_वेळ:
आईला विचारते रेशनकार्डवर माझं नाव आहे का. मामाच्या कार्डावर टाकून घेतलं होतं बहुतेक 😬

सेतूवाला:
मग आधी तेच बघ. आईच्या कार्डावरून कमी केलं असेल तर कमी केल्याचा दाखला शोध, त्यावर तारीख असते, आधी नाव आईच्या कार्डावर होतं हे त्यावरून दाखवता येतं.