परदेशी निघण्याआधी व्हीपीएनची तयारी : आपापले अनुभव लिहा

त्रिमूर्तीनगरचा_मामा
भाची पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या कामाला शांघायला निघाली. काल बॅग भरता भरता म्हणाली, "मामा, व्हीपीएनच्या दोन फाइल दिल्यात, एक नाही चालली तर दुसरी." फाइल उघडून पाहिल्या आणि मला ग्वांगझौचं हॉटेल आठवलं.

तेव्हा आमच्या कंपनीनेही दोन फाइल दिल्या होत्या, एक सिंगापूरची, एक मुंबईची. दोन्ही वायरगार्डच्या. पहिल्या संध्याकाळी सिंगापूर मस्त चाललं, मग अचानक काहीच उघडेना. बंद करून पुन्हा चालू केलं. ॲपमधलं बटण चालूच दिसत होतं, पण वायरगार्डमध्ये बटण चालू असलं म्हणजे जोडणी झाली असं नसतं. खाली पाठवलेल्या डेटाचा आकडा 148, मग 296, मग 444 बाइट असा दर पाच सेकंदांनी वाढत होता आणि आलेला डेटा शून्य. 148 बाइट म्हणजे हँडशेकचं पहिलं पाकीट. आपण हाक मारतोय आणि पलीकडून उत्तर नाही. मुंबईची फाइल लावली, तेच. शहर बदललं होतं, पण दोन्ही अडणार एकाच ठिकाणी.

त्या रात्री काम झालं ते भारतातल्या सिमच्या रोमिंगवर. रोमिंगचा डेटा सहसा आपल्या कंपनीच्या भारतातल्या नेटवर्कमधून बाहेर पडतो, त्यामुळे तिथली भिंत त्याला आडवी येत नाही. त्यावरून नागपूरच्या सहकाऱ्याने वेगळ्या सर्व्हरची, टीएलएसमध्ये गुंडाळलेली ओपनव्हीपीएनची फाइल पाठवली, आणि मग हॉटेलच्या वायफायवरही चाललं.

भाचीसाठी यादी करतोय. तुमचं काय काय अडलं, कशाने सुटलं, ते लिहा.

तर्री_पोहे
मामा, शांघायला सांबारवडी नेऊ द्या तिला, व्हीपीएनपेक्षा तीच जास्त आठवेल 😄

मिहान_नेटवर्क
चांगला धागा. आमच्या ऑफिसातून लोक सतत बाहेर जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

व्हीपीएन बंद पडण्याची कारणं मला तरी तीनच भेटली. पहिलं, हॉटेल किंवा पाहुण्यांचं वायफाय यूडीपी सोडतच नाही. तिथे वायरगार्ड आणि आयकेईव्ही2 दोन्ही मरतात, कारण दोन्ही यूडीपीवर. टीसीपी 443 वरचं ओपनव्हीपीएन तिथे चालून जातं. दुसरं, नेटवर्क पाकिटं पाहून प्रोटोकॉल ओळखतं. चीनमध्ये हे होतं, आणि तिथे पोर्ट बदलून भागत नाही, वेष बदलावा लागतो. तिसरं, तुमच्या सर्व्हरचा पत्ताच अडवलेला असतो. मग प्रोटोकॉल कुठलाही लावा, दुसरा सर्व्हरच हवा.

म्हणून फाइल किती आहेत ते मोजू नका. पहिली ज्या कारणाने पडेल त्याच कारणाने दुसरी पडेल का, तेवढं बघा. मामांच्या दोन फाइल पहिल्या दोन्ही कारणांनी एकदमच पडणाऱ्या होत्या.

बर्डीवाला
एवढं काहून करता भाऊ? ओपनव्हीपीएन टीसीपी 443 वर टाका, ते बँकेच्या साइटसारखंच दिसतं. कुठेच अडत नाही. मी जर्मनीत, फ्रान्समध्ये सगळीकडे तेच वापरलं.

मिहान_नेटवर्क
@बर्डीवाला जर्मनीपुरतं बरोबर आहे तुमचं. पण पोर्ट 443 असला तरी ओपनव्हीपीएनची सुरुवात साध्या https सारखी नसते. टीएलएसच्या आधी त्याचं स्वतःचं पाकीट जातं, आणि ओळखणारा तिथेच ओळखतो. चीनसाठी त्यावर स्टनेलसारखं बाहेरचं आवरण लागतं, किंवा शॅडोसॉक्ससारखं वेगळंच काही. आणि टीसीपीच्या पोटात टीसीपी गेलं की रेंज खराब असताना दोन्ही थर हरवलेली पाकिटं पुन्हा पाठवत बसतात, व्हिडिओ कॉल अडखळतो. म्हणून टीसीपी राखीव ठेवायचं, रोजच्याला नाही.

बर्डीवाला
बरं, हे माहीत नव्हतं. चीनला गेलो नाही कधी.

काकू_मनीषनगर
माझा मुलगा दुबईत आहे. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लागत नाही. त्याला हेच व्हीपीएन टाकायला सांगू का? नातू आठ महिन्यांचा आहे, बघावंसं वाटतं हो.

दोहा_शारजा
काकू, नका सांगू. तिथे 2021 चा 34 क्रमांकाचा कायदा आहे. व्हीपीएनच्या आडून गुन्हा केला किंवा लपवला तर दंड 5 लाख ते 20 लाख दिरहम. कंपनीच्या कामासाठी कंपनीचं व्हीपीएन चालतं, पण अडवलेले कॉल त्यातून करणं जोखमीचं आहे. तिथे बोटिम नावाचं ॲप रीतसर चालतं. ते तुमच्या फोनवरही टाका, नातू दिसेल.

काकू_मनीषनगर
बोटिम. लिहून घेतलं. देव तुमचं भलं करो.

संत्राबर्फी
हो काकू, आम्ही पण बोटिमवरच बोलतो बहिणीशी. नागपूरहून शारजाचं विमान सरळ आहे, एकदा जाऊनच या की!

जरीपटका_जावई
माझा प्रश्न वेगळा आहे. बाहेरून घरच्या बँकेची आणि कराची कामं करायला मी नागपुरातच घरी छोटा सर्व्हर ठेवला. मे महिन्यात लाइट गेली, राउटर बंद पडून चालू झाला आणि नवा आयपी मिळाला. फोनमधल्या फाइलमध्ये जुना आयपी. बायकोला फोन करून नवा विचारला आणि हाताने टाकला. आता राउटर इन्व्हर्टरवर आहे. पण फाइलमध्ये आयपी लिहायचा की नाव?

मिहान_नेटवर्क
दोन्ही फाइल ठेवा. नाव वापरलं तर आयपी बदलला तरी चालतं, पण नेटवर्कने डीएनएसचं उत्तर खोटं दिलं तर नाव उपयोगाचं नाही. भाड्याच्या सर्व्हरचा आयपी सहसा पक्का असतो, तिथे आयपीच लिहा. घरच्याला नाव. आणि आधी तपासा की तुमचा ब्रॉडबँडवाला खरा आयपी देतो का. राउटरवर दिसणारा आयपी आणि बाहेरून दिसणारा आयपी वेगळे असतील तर बाहेरून घरी पोचताच येणार नाही.

जरीपटका_जावई
वेगळे होते. जास्तीचे पैसे भरून पक्का घेतला.

त्रिमूर्तीनगरचा_मामा
आता भाचीचं काय केलं ते सांगतो. सर्व्हर दोन, वेगवेगळ्या कंपन्यांकडचे. ऑफिसच्या आयटीची लेखी परवानगी घेतली, ते आधी. लॅपटॉपवर ओपनव्हीपीएनची एकच फाइल, आत रस्ते ओळीने (आयपी इथे नमुन्याचे टाकलेत) :

```
remote 203.0.113.10 1194 udp
remote 203.0.113.10 443 tcp
remote 198.51.100.7 443 tcp
connect-timeout 10
```

शेवटची ओळ विसरू नका. ती नसली तर एकेका रस्त्यावर 120 सेकंद वाट बघत बसतं आणि माणूस कंटाळून बंद करतो. सर्टिफिकेट आणि किल्ली त्याच फाइलच्या आत, वेगळ्या फाइल नाहीत. वायरगार्डची फाइल वेगळी, आणि स्टनेलची तिसरी.

हे सगळं फोनच्या स्वतःच्या मेमरीत आणि एका पेन ड्राइव्हवर. क्लाउडवर ठेवलं तर ते उघडायलाच व्हीपीएन लागेल. ॲपच्या इन्स्टॉल फाइलही आत्ताच उतरवल्या, कारण तिथे प्ले स्टोअर उघडत नाही आणि चीनच्या ॲपल स्टोअरमधून 2017 मध्येच व्हीपीएन ॲप काढली गेली.

फुटाळा_संध्या
फोन आणि लॅपटॉप दोन्हीत एकच वायरगार्ड फाइल टाकली नाही ना? माझ्या नवऱ्याच्या ऑफिसने तसंच दिलं होतं. फोन चालू केला की लॅपटॉप मरायचा, लॅपटॉपवर काही उघडलं की फोन. दोन दिवस हॉटेलच्या नेटला शिव्या दिल्या त्याने. किल्ली एक असली की सर्व्हर शेवटी ज्याच्याकडून पाकीट आलं त्यालाच उत्तर देतो. प्रत्येक यंत्राला वेगळी फाइल.

त्रिमूर्तीनगरचा_मामा
ताई, हे फार उपयोगी सांगितलंत. आजच वेगळ्या करतो.

रेशीमबाग_रात्रपाळी
पर्यायी रस्ता चालतो हे घरी बसून कसं तपासायचं? घरी तर सगळंच चालतं.

मिहान_नेटवर्क
तोच मुद्दा. घरी मुद्दाम मोडायचं. फोनचा हॉटस्पॉट घ्या, घरचं वायफाय नको. लॅपटॉप लिनक्स असेल तर डीएनएस सोडून बाकी यूडीपी बंद करा :

```
sudo iptables -I OUTPUT -o wlan0 -p udp ! --dport 53 -j DROP
```

wlan0 च्या जागी तुमच्या वायफाय कार्डाचं नाव. आता वायरगार्ड लावा. पाठवलेला आकडा वाढेल, आलेला शून्यच राहील. हे बंद पडण्याचं चित्र एकदा नजरेखालून गेलं की तिकडे गोंधळ होत नाही. मग ओपनव्हीपीएन लावा. यूडीपीची ओळ सोडून साधारण दहा सेकंदांत 443 वर गेलं पाहिजे. नंतर त्याच कमांडमध्ये -I च्या जागी -D लिहून नियम काढा. विंडोजवर फायरवॉलमध्ये बाहेर जाणाऱ्या यूडीपीचा नियम करता येतो, 53 सोडून बाकी पोर्ट.

दुसरा सर्व्हर तपासायला पहिला खरंच बंद करा. आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकून सगळ्या फाइल उघडतात का बघा. नेट नसताना ॲपने ईमेलवरचा ओटीपी मागितला तर ती तयारी अपुरी आहे.

रेशीमबाग_रात्रपाळी
केलं आत्ता. वायरगार्ड गेलं, पण ओपनव्हीपीएन 443 वर पण नाही लागलं 😟 सर्व्हरवर टीसीपी चालूच नव्हतं बहुतेक. रविवारी निघतोय.

मिहान_नेटवर्क
बरं झालं इथेच कळलं. एका ओपनव्हीपीएन प्रक्रियेत यूडीपी आणि टीसीपी दोन्ही सहसा नसतात, टीसीपीची दुसरी उभी करावी लागते. फायरवॉलमध्ये 443 उघडा आहे का तेही बघा. अडलं तर मला निरोप टाका.

धरमपेठ_डायरी
माझं उलटं झालं होतं. हँडशेक होत होता, आकडे दोन्हीकडे दिसत होते, पण पानं अर्धवट उघडायची. छोटी पानं यायची, फोटोवाली लटकायची.

मिहान_नेटवर्क
ते एमटीयू. वायरगार्डच्या फाइलमध्ये `MTU = 1280` टाका. सुटायला हवं.

तर्री_पोहे
हॉटेलात खोली क्रमांक टाकून लॉगिन करायचं पान येतं ना, ते "व्हीपीएनशिवाय नेट बंद" ही सेटिंग चालू असली तर येतच नाही. आधी ती काढा, लॉगिन करा, मग लावा. भाऊ ॲमस्टरडॅमला यावरून तासभर रिसेप्शनवर भांडला.

संत्राबर्फी
रोमिंगच घ्या ना सरळ, कशाला एवढं?

दोहा_शारजा
थोड्या दिवसांना हो. महिनाभर रोज व्हिडिओ मीटिंग असेल तर रोमिंगचा डेटा पुरत नाही. मी तरी रोमिंग फक्त नवी फाइल मागवायला आणि बँकेच्या ओटीपीला ठेवतो.

बर्डीवाला
मामा, स्टनेलवालं शांघायला आज चालेल याची खात्री आहे का?

त्रिमूर्तीनगरचा_मामा
नाही. आज चाललेलं पुढच्या महिन्यात बंद झालेलं मी पाहिलं आहे, आणि एकाच शहरात हॉटेलच्या वायफायवर चालतं ते तिथल्या मोबाइल डेटावर चालत नाही असंही होतं. म्हणून रोमिंगचा पॅक निघण्याआधीच चालू करून ठेवतोय, आणि तिच्या ऑफिसला विचारलंय की शांघाय शाखेत कंपनीची रीतसर परवानगीची लाइन आहे का. असेल तर मोठी कामं तिथे बसूनच करायची. उत्तर सोमवारपर्यंत येईल म्हणाले.

फुटाळा_संध्या
आलं की इथे टाका. आमचेही जूनमध्ये शेन्झेनला जात आहेत.